सात गुणांची सिद्धता आणि कापलेले तीन गुण : फुल, कंप्लीट व परफेक्ट बायनरी ट्रीच्या एका उत्तराचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी डेटा स्ट्रक्चर्स हा विषय शिकवतो. वर्गातील बहुतेक मुले-मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात, आणि इंडक्शनची त्यांची पहिली ओळख अकरावीच्या गणितात झालेली असते. अंतर्गत परीक्षेतील एका विद्यार्थिनीचे उत्तर मी येथे सविस्तर मांडत आहे, कारण त्यातील त्रुटी दरवर्षी अनेक उत्तरपत्रिकांमध्ये आढळते, आणि ती वरवर पाहता त्रुटी वाटतच नाही.

प्रश्न सात गुणांचा होता. फुल बायनरी ट्रीमध्ये I अंतर्गत नोड असतील तर लीफची संख्या L = I + 1 असते हे इंडक्शनने सिद्ध करा, आणि त्यावरून एकूण नोडची संख्या काढा, एवढेच त्यात विचारले होते. विद्यार्थिनीने व्याख्या बरोबर लिहिली होती: ज्या बायनरी ट्रीमध्ये प्रत्येक नोडला एक तर दोन मुले असतात किंवा एकही नसते, ती फुल बायनरी ट्री. ज्याला मुले आहेत तो अंतर्गत नोड, ज्याला नाहीत तो लीफ. त्यानंतरचे तिचे उत्तर थोडक्यात असे होते.

पायाची पायरी: I = 0 असेल तर ट्रीमध्ये फक्त रूट आहे, तो स्वतःच लीफ आहे, म्हणून L = 1; सूत्र खरे. गृहीतक: I = k साठी सूत्र खरे आहे असे मानू. पुढची पायरी: k अंतर्गत नोडची एक फुल ट्री घेऊ, तिच्यात k + 1 लीफ आहेत. तिच्या कोणत्याही एका लीफला दोन मुले जोडू. तो लीफ आता अंतर्गत नोड झाला, म्हणजे लीफ एकाने घटले आणि दोनाने वाढले. नवीन ट्रीमध्ये k + 1 अंतर्गत नोड आणि k + 2 लीफ आहेत. म्हणून I = k + 1 साठीही सूत्र खरे.

या उत्तराला मी सातपैकी चार गुण दिले. उत्तरपत्रिका पाहायला मिळाल्यावर तिने विचारले, “सर, स्टेपा तं साऱ्या लिहेल आहेत, मंग मार्क काऊन कापले?” प्रश्न अगदी रास्त होता. तिने लिहिलेली प्रत्येक ओळ खरी होती, बेरीज-वजाबाकी बरोबर होती, आणि निष्कर्षही खरा होता. तरीही तिने जे सिद्ध केले ते प्रश्नात मागितलेले विधान नव्हते.

प्रश्नात मागितले होते ते k + 1 अंतर्गत नोड असलेल्या प्रत्येक फुल ट्रीबद्दल. तिने सिद्ध केले ते k अंतर्गत नोडच्या ट्रीला दोन मुले जोडून तयार होणाऱ्या ट्रीबद्दल. या दोन गोष्टी एकच आहेत, म्हणजे k + 1 अंतर्गत नोडची कोणतीही फुल ट्री अशा जोडणीतूनच मिळू शकते, हे तिने कोठेही म्हटले नव्हते. परीक्षकाने समोर एखादी वेडीवाकडी फुल ट्री ठेवून “ही तुझ्या सिद्धतेत येते का?” असे विचारले, तर तिच्या उत्तरात त्याला देण्यासारखे एकही वाक्य नव्हते.

ही सवय कोठून येते हे समजून घेतले पाहिजे. अकरावीत इंडक्शन शिकवताना उदाहरणे बहुधा 1 + 2 + … + n अशा बेरजांची असतात. तेथे k पदांच्या बेरजेतून k + 1 पदांची बेरीज मिळवण्याचा एकच मार्ग असतो: शेवटचे पद मिळवायचे. प्रत्येक n साठी विधान एकाच संख्येबद्दल असते, त्यामुळे ‘k घ्या, एक वाढवा’ ही रीत तेथे निर्धोक ठरते. ट्रीच्या बाबतीत मात्र I ची एकच किंमत घेतली तरी आकार अनेक होतात. I = 0 आणि I = 1 साठी एकेकच आकार आहे, I = 2 साठी दोन, I = 3 साठी पाच आणि I = 4 साठी चौदा. विधान या सर्व आकारांबद्दल आहे, आणि आपण वाढवत नेलेल्या एखाद-दुसऱ्या आकारापुरते ते खरे ठरवून चालत नाही.

एवढ्या स्पष्टीकरणावर विद्यार्थ्यांचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांना वाटते की निष्कर्ष खरा आहे, तर परीक्षक उगाच कीस काढतो आहे. म्हणून मी तिला त्याच साच्यात बसवलेली दुसरी एक सिद्धता फळ्यावर लिहून दाखवली.

विधान असे: I अंतर्गत नोड असलेल्या प्रत्येक फुल ट्रीची उंची I असते. उंची म्हणजे रूटपासून सर्वांत खोल लीफपर्यंतच्या वाटेवरील कडांची संख्या. पायाची पायरी: I = 0, एकटा रूट, उंची 0; खरे. गृहीतक: I = k साठी खरे. पुढची पायरी: k अंतर्गत नोडची ट्री घेऊ, तिची उंची k आहे. तिच्या सर्वांत खोल लीफला दोन मुले जोडू. अंतर्गत नोड k + 1 झाले, उंचीही k + 1 झाली. म्हणून सिद्ध झाले.

हे विधान खोटे आहे. रूट, त्याची दोन मुले आणि त्या दोघांची मिळून चार मुले, अशी सात नोडची ट्री घ्या. तिच्यात तीन अंतर्गत नोड आहेत, पण उंची दोन आहे. या खोट्या विधानाची घातक गोष्ट अशी की I = 0, 1, 2 या तिन्हींसाठी ते खरे ठरते; लहान उदाहरणे तपासून पाहणाऱ्यालाही शंका येत नाही. ते पहिल्यांदा फसते ते I = 3 वर, आणि तेथेही पाच आकारांपैकी चारांची उंची तीनच असते. फसणारा एकमेव आकार म्हणजे वरची सात नोडची ट्री. ती दोन अंतर्गत नोडच्या ट्रीपासून मिळते, पण सर्वांत खोल लीफला मुले जोडून नव्हे, तर वरच्या पातळीवर राहिलेल्या लीफला जोडून. सिद्धता लिहिणाऱ्याने जोडण्याची जागा स्वतः निवडली, आणि त्या निवडीतून न मिळणारा आकार हिशेबाबाहेर राहिला.

विद्यार्थिनीच्या उत्तरात आणि या खोट्या सिद्धतेत मांडणीचा फरक अगदी थोडा आहे. तिने ‘कोणत्याही एका लीफला’ असे लिहिले होते, ही तिच्या बाजूची गोष्ट, आणि चार गुणांमागे तेही एक कारण होते. परंतु ‘कोणत्याही’ या शब्दाने एवढेच कळते की जोडणी कोठेही केली तरी हिशेब जुळतो. प्रत्येक ट्री अशा जोडणीतून मिळते, हे त्या शब्दातून येत नाही.

दुरुस्ती करायची तर दिशा उलटी घ्यावी लागते. लहान ट्रीपासून मोठीकडे जाण्याऐवजी k + 1 अंतर्गत नोडची कोणतीही एक फुल ट्री समोर आहे असे मानायचे आणि तिच्यातून लहान ट्री काढायची. ‘कोणतीही’ या मान्यतेने सुरुवात झाली की एकही आकार सुटत नाही. हे करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि परीक्षेत दोन्हींना पूर्ण गुण मिळतात.

पहिला मार्ग तिच्या मूळ उत्तराला सर्वांत जवळचा आहे. समजा T ही k + 1 अंतर्गत नोडची कोणतीही फुल ट्री आहे. रूटपासून सर्वांत दूर असलेला एक लीफ घ्या. T मध्ये किमान एक अंतर्गत नोड आहे, म्हणून हा लीफ रूट नाही. त्याला पालक p आहे. p ला एक मूल आहे म्हणजे फुल ट्रीच्या व्याख्येनुसार दोन आहेत. दुसरे मूल अंतर्गत असते तर त्याची मुले आपण निवडलेल्या लीफपेक्षा आणखी खोल असती, आणि ते निवडीच्या विरुद्ध आहे. म्हणून p ची दोन्ही मुले लीफ आहेत. ती दोन्ही काढून टाका. p आता लीफ झाला, बाकीच्या नोडांच्या मुलांना हात लागला नाही, त्यामुळे उरलेली ट्रीही फुल आहे आणि तिच्यात k अंतर्गत नोड आहेत. गृहीतकानुसार तिच्यात k + 1 लीफ आहेत. काढलेली मुले परत जोडली की p हा लीफ उरत नाही आणि दोन नवे लीफ येतात, म्हणजे T मध्ये k + 1 − 1 + 2 = k + 2 लीफ आहेत.

शेवटची बेरीज तीच आहे जी तिने लिहिली होती. कापलेले तीन गुण त्याआधीच्या चार-पाच वाक्यांचे होते. त्यातही ‘दुसरे मूल अंतर्गत असते तर’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण दोन लीफ-मुले असलेला नोड सापडतोच याची हमी तेथेच मिळते.

दुसरा मार्ग रूट काढून टाकण्याचा आहे, आणि मला स्वतःला तो अधिक आवडतो, कारण तो इतर सूत्रांनाही तसाच लागू पडतो. T मध्ये I अंतर्गत नोड आहेत आणि I किमान 1 आहे असे माना. रूट काढला की डावी आणि उजवी अशा दोन सबट्री उरतात. प्रत्येक नोडची मुले होती तशीच आहेत, म्हणून दोन्ही फुल आहेत. त्यांत अनुक्रमे a आणि b अंतर्गत नोड असतील, तर रूट धरून a + b + 1 = I. a आणि b दोन्ही I पेक्षा लहान आहेत, म्हणून गृहीतकानुसार लीफ a + 1 आणि b + 1. रूट हा लीफ नव्हता, म्हणून T चे सर्व लीफ या दोन सबट्रींमध्येच आहेत: L = (a + 1) + (b + 1) = (a + b + 1) + 1 = I + 1.

या मार्गात एक वेगळी चूक होते. विद्यार्थी गृहीतक ‘I = k साठी खरे’ असे लिहितात आणि नंतर ते a व b ला लावतात. a आणि b यांची बेरीज I − 1 आहे एवढेच आपल्याला ठाऊक आहे. त्यातील एक 0 असेल, एक मोठा असेल, दोन्ही मधलेच असतील. म्हणून गृहीतक ‘I पेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येसाठी सूत्र खरे आहे’ असेच लिहावे लागते. याला स्ट्राँग इंडक्शन म्हणतात. एका वाक्याचा बदल आहे, पण तो नसेल तर पुढची ओळ गृहीतकातून निघत नाही, आणि काळजीपूर्वक तपासणारा परीक्षक तेथे गुण कापतो.

एकूण नोडची संख्या यानंतर एका ओळीत मिळते: n = I + L = 2I + 1, किंवा लीफच्या भाषेत n = 2L − 1. म्हणजे फुल ट्रीमध्ये नोडची संख्या नेहमी विषम असते. “20 नोडच्या फुल ट्रीमध्ये लीफ किती?” असा प्रश्न आला, तर अशी ट्री अस्तित्वातच नाही हे त्याचे उत्तर आहे.

या सूत्राचा अर्थ मनात बसावा म्हणून वर्गात मी गावच्या कबड्डी स्पर्धेचे उदाहरण घेतो, कारण बाद पद्धतीचा तक्ता ही फुल बायनरी ट्रीच असते. संघ म्हणजे लीफ, सामने म्हणजे अंतर्गत नोड, आणि अंतिम सामना म्हणजे रूट. 11 संघ आले तर पहिल्या फेरीत सहा संघांचे तीन सामने होतात आणि पाच संघांना बाय मिळतो. पुढच्या फेरीत आठ संघांचे चार सामने, मग दोन, मग एक. बेरीज 3 + 4 + 2 + 1 = 10. बाय कोणालाही द्या, तक्ता कसाही आखा, प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून सामने दहाच होतात. आकार बदलला तरी L आणि I यांचे नाते का बदलत नाही, हे येथे दिसते. मात्र परीक्षेत इंडक्शन मागितले असेल तर हे उदाहरण सिद्धतेची जागा घेऊ शकत नाही.

आता परफेक्ट ट्रीकडे वळू. तिच्यात प्रत्येक अंतर्गत नोडला दोन मुले असतात आणि सर्व लीफ एकाच पातळीवर असतात. उंची h असेल तर नोड N(h) = 2^(h+1) − 1. पाया: h = 0, एक नोड, 2^1 − 1 = 1. पुढे, उंची h (किमान 1) असलेल्या परफेक्ट ट्रीचा रूट काढला तर उरणाऱ्या दोन्ही सबट्री परफेक्ट असतात आणि त्यांची उंची h − 1 असते, कारण प्रत्येक लीफ मूळ रूटपासून h अंतरावर होता, तो आता सबट्रीच्या रूटपासून h − 1 अंतरावर आहे. म्हणून N(h) = 1 + 2 × (2^h − 1) = 2^(h+1) − 1.

विद्यार्थिनीने येथे एक चांगला प्रश्न विचारला: खालची पातळी जोडत जाऊन हे सिद्ध केले तर गुण कापणार का? फारसे नाही, आणि त्याचे कारण आधीच्या चर्चेतच आहे. प्रत्येक उंचीसाठी परफेक्ट ट्रीचा आकार एकच असतो, अगदी 1 + 2 + … + n या बेरजेसारखा. सर्वांत खालची पातळी काढली की एकाने कमी उंचीची परफेक्ट ट्री उरते, एवढे एक वाक्य लिहिले की वाढवत नेण्याची सिद्धताही पूर्ण होते. तेच वाक्य फुल ट्रीच्या बाबतीत सिद्ध करायला पाच वाक्ये लागतात, एवढाच दोन्हींतला फरक.

कंप्लीट ट्रीमध्ये शेवटची पातळी सोडून बाकी सर्व पातळ्या भरलेल्या असतात आणि शेवटची पातळी डावीकडून सलग भरलेली असते. येथे उंचीवरून नोडची नेमकी संख्या मिळत नाही, फक्त मर्यादा मिळते. वरच्या 0 ते h − 1 या पातळ्या मिळून h − 1 उंचीची परफेक्ट ट्री होते, तिच्यात 2^h − 1 नोड. शेवटच्या पातळीवर किमान एक आणि कमाल 2^h नोड. म्हणून 2^h ≤ n ≤ 2^(h+1) − 1. कंप्लीट ट्रीसाठी n = 2^(h+1) − 1 असे बेधडक लिहिणे ही चूक उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते; ते सूत्र फक्त शेवटची पातळी पूर्ण भरली असेल तेव्हाच खरे असते.

कंप्लीट ट्रीमधील लीफची संख्या मात्र n वरून नेमकी मिळते: n सम असेल तर n/2, विषम असेल तर (n + 1)/2. याचे इंडक्शन n वर करायचे. n = 1 असेल तर एक लीफ. n किमान 2 असेल तर शेवटच्या पातळीवरचा सर्वांत उजवा नोड काढा. उरलेली ट्री n − 1 नोडची कंप्लीट ट्रीच असते, आणि n नोडच्या कंप्लीट ट्रीचा आकार एकच असल्यामुळे काहीही सुटत नाही. नोडांना वरून खाली व डावीकडून उजवीकडे 1 पासून क्रमांक दिले तर n व्या नोडचा पालक n/2 चा पूर्णांक भाग असतो. n सम असेल तर n वा नोड हे पालकाचे पहिले मूल आहे: ते काढल्यावर पालक लीफ होतो, म्हणून n आणि n − 1 नोडच्या ट्रींमध्ये लीफ सारखेच. n − 1 विषम आहे, त्याचे लीफ n/2, म्हणून n साठीही n/2. n विषम असेल तर ते दुसरे मूल आहे: ते काढले तरी पालक अंतर्गतच राहतो, म्हणून n नोडच्या ट्रीत एक लीफ जास्त. (n − 1)/2 + 1 = (n + 1)/2.

पडताळणीसाठी 12 नोडची कंप्लीट ट्री काढून पाहावी. उंची 3, कारण 8 ≤ 12 ≤ 15. लीफ सहा, अंतर्गत नोड सहा. L = I + 1 येथे लागू होत नाही, कारण सहाव्या नोडला बारावा हे एकच मूल आहे आणि ट्री फुल नाही. बारावा नोड काढला की 11 नोडची ट्री कंप्लीटही असते आणि फुलही, आणि तिच्यात सहा लीफ व पाच अंतर्गत नोड असतात.

एक बाब उत्तर लिहायला घेण्यापूर्वीच पाहावी लागते. काही जुन्या पाठ्यपुस्तकांत परफेक्ट ट्रीलाच फुल म्हटलेले आहे, आणि काहींत एकट्या रूटची उंची 0 ऐवजी 1 धरली आहे, त्यामुळे तेथे सूत्र 2^h − 1 असे दिसते. प्रश्नपत्रिकेत “h उंचीच्या फुल बायनरी ट्रीमध्ये 2^(h+1) − 1 नोड असतात हे सिद्ध करा” असे आले, तर प्रश्न काढणाऱ्याला परफेक्ट ट्री अभिप्रेत आहे हे ओळखावे. आपल्या व्याख्येतील फुल ट्रीसाठी ते विधान खोटे आहे: उंची h म्हणजे रूटपासून सर्वांत खोल लीफपर्यंतच्या वाटेवर नेमके h अंतर्गत नोड असणार, म्हणून n किमान 2h + 1, आणि जास्तीत जास्त 2^(h+1) − 1, मधली प्रत्येक विषम संख्याही शक्य आहे. अशा वेळी उत्तराच्या पहिल्या ओळीत व्याख्या आणि उंची मोजण्याची पद्धत लिहून परफेक्ट ट्रीची सिद्धता द्यावी.

विद्यार्थिनीने आपले उत्तर दुसऱ्यांदा पहिल्या मार्गाने लिहून आणले. पुढची पायरी तिने “समजा T ही k + 1 अंतर्गत नोडची कोणतीही फुल ट्री आहे” या वाक्याने सुरू केली होती, आणि p चे दुसरे मूल लीफच का असते याचे कारण तिने वेगळ्या ओळीत लिहून अधोरेखित केले होते.